तोट्यातलं काउंटर बंद करण्याआधी एक प्रश्न विचारा : भाडं कमी होणार आहे का?

व्हिडिओमध्ये हा विषय मी पाच मिनिटांत उरकला होता, पण आकडे नीट मांडायचे राहिले. म्हणून आज सविस्तर लिहितोय. आणि उदाहरण दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच आहे. ही चूक मी स्वतः केली आहे, तीसुद्धा बीबीए करून.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यात तीन काउंटर : शालेय स्टेशनरी, गिफ्ट-खेळणी आणि झेरॉक्स-प्रिंट. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा प्रत्येक काउंटरचा वेगळा हिशोब काढला. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून देतो.

महिन्याला मालाची किंमत वजा जाता स्टेशनरीतून ४५,००० रुपये सुटायचे आणि गिफ्टमधून ३२,०००. झेरॉक्सची विक्री ३६,००० होती. त्यातून कागद, टोनर आणि मशीनची वीज असे १६,००० गेले की राहायचे २०,०००.

दुकानाचा सामाईक खर्च ३६,००० होता. भाडं २४,०००, मुख्य काउंटरवरच्या मुलाचा पगार ९,००० आणि लाईट-इंटरनेट ३,०००. काउंटर तीन, म्हणून मी सरळ तिघांवर बारा-बारा हजार टाकले.

आता झेरॉक्सकडे बघा. उरलेल्या २०,००० मधून अर्धवेळ मुलाचा पगार ८,०००, सर्व्हिस करार १,५००, मशीनचा हप्ता ३,५०० आणि सामाईक खर्चाचा वाटा १२,००० वजा केला. उत्तर आलं, महिन्याला ५,००० तोटा!

मी म्हटलं, तोट्यातला धंदा कशाला ओढायचा? स्टेशनरी ३३,००० देतेय, गिफ्ट २०,००० देतंय. झेरॉक्स बंद केलं की ४८,००० चे थेट ५३,००० होतील. मुलाला दुसरं काम बघायला सांगितलं, मशीनवर कापड टाकलं.

पुढच्या महिन्यात हातात आले साधारण ३४,०००.

झालं काय? झेरॉक्स बंद झालं म्हणून मालकाने भाडं कमी केलं नाही. मुख्य काउंटरचा मुलगा तोच, लाईट-इंटरनेट तेच. ते १२,००० झेरॉक्सच्या कागदावरून उठले आणि बाकी दोन काउंटरवर जाऊन बसले. मशीनचा हप्ताही थांबला नाही. तो नावाला झेरॉक्सचा खर्च होता, पण कर्ज तर फेडावंच लागणार होतं. मशीन विकून कर्ज मिटवावं म्हटलं, तर जुन्या मशीनचा भाव बाकी कर्जापेक्षा कमी येत होता.

म्हणजे बंद केल्यामुळे खरोखर वाचलं काय? मुलाचे ८,००० आणि सर्व्हिसचे १,५००, एकूण ९,५००. आणि गेलं काय? झेरॉक्समधून सुटणारे २०,०००. वजाबाकी करा. जे काउंटर मला ५,००० ने तोट्यात दिसत होतं, ते खरं तर दुकानाच्या भाड्याला दरमहा १०,५०० चा हातभार लावत होतं. ४८,००० मधून १०,५०० गेले की ३७,५०० राहतात. मग ३४,००० का आले? झेरॉक्स काढायला आलेला माणूस जाता जाता फाईल, पेन, पाकीट घ्यायचा. तो आता समोरच्या दुकानात जात होता.

पुढचा धोका याहून मोठा आहे. ३६,००० आता दोघांतच वाटले, प्रत्येकी १८,०००. मग गिफ्टचा नफा २०,००० वरून १४,००० दिसायला लागतो. गिफ्टची विक्री एका रुपयानेही घटलेली नसते, तरी ते काउंटर अशक्त वाटतं. थोडी मंदी आली की आपण म्हणतो, हेपण बंद करा. असं करत शेवटी एकट्या स्टेशनरीवर सगळं भाडं येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बंद करायचा निर्णय घेताना सामाईक खर्च वाटायचाच नाही. प्रत्येक खर्चासमोर एकच प्रश्न लिहा : हे काउंटर उद्या बंद केलं, तर हा पैसा खिशातून जायचा थांबेल का? थांबणार असेल तर तो त्या काउंटरचा खर्च. नसेल तर तो दुकानाचा.

यावर बरेच जण म्हणतात, ‘सर, प्रत्येक मालाने भाड्याचा वाटा उचललाच पाहिजे ना?’ बरोबर आहे. नवीन काउंटर सुरू करताना किंवा दर ठरवताना तो वाटा धराच, कारण सगळ्यांनी मिळून भाडं भरलं नाही तर दुकानच चालणार नाही. पण भाडं आधीच ठरलेलं असताना बंद करण्याचा प्रश्न वेगळा आहे. आणि तो वाटा तरी किती खरा? मी समान वाटला म्हणून १२,००० आले. विक्रीच्या प्रमाणात वाटला असता, तर एकूण २,९६,००० च्या विक्रीत झेरॉक्सच्या वाट्याला साडेचार हजारांच्या आसपासच आले असते, आणि तेच काउंटर फायद्यात दिसलं असतं. वाटपाची पद्धत बदलली की तोट्याचा नफा होतो, अशा आकड्यावर कुणाची नोकरी घालवायची नसते.

मग तोट्यातलं काहीच बंद करायचं नाही का? करायचं. माझ्या मते तीन वेळा.

पहिली, हातभारच उणे असेल तेव्हा. समजा झेरॉक्समधून २०,००० ऐवजी ९,००० च सुटत असते, तर ९,५०० वाचवण्यासाठी ते बंद करणंच शहाणपणाचं, फक्त सोबत होणारी फाईल-पेनची विक्री आधी मोजून बघा.

दुसरी, त्या जागेला चांगला पर्याय असेल तेव्हा. तिथे दुसरा माल ठेवून सगळा खर्च जाता १५,००० सुटणार असतील, तर १०,५०० देणारं झेरॉक्स अडवून ठेवू नका. पण ‘बघू काहीतरी’ हा पर्याय नव्हे. आकडा कागदावर हवा.

तिसरी, न टळणारा खर्च टळू शकतो त्या दिवशी. आपल्याकडे बऱ्याच दुकानांचा लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी भाडंही आपल्या हातात येतं. छोटा गाळा घेऊन महिन्याला ६,००० वाचत असतील, तर ते झेरॉक्सच्या हातभारापेक्षा कमीच आहेत, म्हणून मोठा गाळा ठेवा. १२,००० वाचत असतील, तर गंभीरपणे विचार करा. मशीनचा हप्ता संपतो आणि नवीन मशीन घ्यायची वेळ येते, तोही असाच दिवस.

मी चार महिन्यांनी झेरॉक्स पुन्हा सुरू केलं. जुना मुलगा तोपर्यंत दुसरीकडे लागला होता, त्यामुळे नवीन मुलाला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं. समोर गेलेली काही गिऱ्हाईकं अजूनही समोरच जातात. भाडं वाटून तोटा काढायला मला एक संध्याकाळ लागली होती. ‘हा खर्च थांबेल का?’ हे विचारायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.