स्वतःचीच वाक्यं पुन्हा वापरली, तर ती चोरी ठरते का?

समजा, मातीवर पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने दुसरा शोधनिबंध लिहिला. तपासणी सॉफ्टवेअरने १८ टक्के साम्य दाखवलं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं जातं. मग आता शब्द बदलून आकडा खाली आणायचा का?

आधी साम्य कुठे आहे, ते पाहायला हवं.

कृतीचा भाग

बरंचसं साम्य प्रयोगाच्या कृतीत आहे. ‘१ ग्रॅम मातीत १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट आणि २० मिली सल्फ्युरिक ॲसिड घालून मिश्रण ३० मिनिटं ठेवलं.’ मातीतला सेंद्रिय कर्ब मोजण्याची ही वॉकली-ब्लॅक पद्धत. तिच्या पहिल्या निबंधातही हेच वाक्य होतं.

कृती तीच असेल, तर वाक्यही तेच राहणं स्वाभाविक आहे. उलट, आकडा कमी करण्यासाठी ‘३० मिनिटं’चं ‘काही वेळ’ केलं, तर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग तसाच करता येणार नाही. त्यामुळे ‘ही पद्धत आमच्या आधीच्या निबंधात दिली आहे’ असं सांगून, संदर्भ देऊन असा मजकूर वापरणं सहसा मान्य असतं. मात्र परिच्छेदच्या परिच्छेद उचलायचे असतील, तर नियतकालिकाचे नियम आणि कॉपीराइट पाहावा लागतो.

मग स्वतःची चोरी कधी?

जुने निष्कर्ष नवे म्हणून मांडले, की प्रश्न येतो. यूजीसीने २०२०मध्ये हेच स्पष्ट केलं: आधी छापलेलं स्वतःचं काम योग्य संदर्भ न देता, नवं असल्याचं भासवून शैक्षणिक फायद्यासाठी वापरणं मान्य नाही. विद्यार्थिनीने पहिल्या निबंधातले कर्बाचे आकडे संदर्भाशिवाय पुन्हा दिले, तर वाचकाला दोन वेगवेगळे पुरावे आहेत असं वाटेल. प्रत्यक्षात पुरावा एकच असेल.

सॉफ्टवेअरला न दिसणारी चोरी

दुसऱ्या एका संशोधकाने लिहिलंय: ‘कर्ब वाढला तो शेणखतामुळे नाही, नांगरट कमी झाल्यामुळे.’ विद्यार्थिनीने लिहिलं: ‘कर्बवाढीमागे खतापेक्षा घटलेली मशागत कारणीभूत दिसते.’ इथे शब्द बदलले, त्यामुळे साम्य शून्य दिसू शकतं. पण विचार त्या संशोधकाचा आहे आणि त्याचं नाव कुठेच नाही. ही चोरीच आहे. वाक्य आणखी फिरवून ती मिटत नाही, नाव दिल्यावरच मिटते.

म्हणजे १८ टक्क्यांतला कृतीचा भाग निर्दोष असू शकतो आणि शून्य टक्क्यांचं वाक्य दोषी. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं. विचार कुणाचा आणि तो नवा म्हणून मांडलाय का, हे मार्गदर्शकालाच वाचून ठरवावं लागतं.