पदकांचे भाकीत : बेरीज जुळली तरी गणित बरोबर असतेच असे नाही

वाराणसी : राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताला किती पदके मिळतील, हा प्रश्न या शहरात केवळ कुतूहलाचा नाही. वाराणसीच्या पूनम यादव हिने २०१४ मध्ये ग्लासगोला ६३ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळवले आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ६९ किलो गटात एकूण २२२ किलो वजन उचलून सुवर्णपदक पटकावले. या दोन निकालांच्या आधारे २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेसाठी कोणीही तिच्या नावापुढे पदक लिहिले असते. प्रत्यक्षात ७६ किलो गटात खेळताना क्लीन अँड जर्कच्या तिन्ही प्रयत्नांत तिला एकदाही वैध वजन नोंदवता आले नाही. स्नॅचमध्ये उचललेले वजन त्यामुळे निरुपयोगी ठरले आणि क्रमवारीत तिचे नावच उरले नाही.

एका खेळाडूबाबत फसलेले हे भाकीत संपूर्ण पथकाबाबत मात्र बरेचसे जमते. एकाची चूक दुसऱ्याच्या अनपेक्षित यशाने भरून निघते आणि बेरीज अपेक्षेच्या आसपास राहते. मागील निकाल आणि प्रवेशिकांची संख्या यांवरून पदकसंख्या सांगण्याची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६ या काळात ग्लासगो येथे होणाऱ्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने ही पद्धत तपासून पाहण्यासारखी आहे, कारण या वेळी स्पर्धेचा आराखडाच बदलला आहे.

सर्वांत सोपी रीत पथकाच्या आकाराची. २०१८ मध्ये भारताचे सुमारे २२० खेळाडू गेले आणि ६६ पदके मिळाली, म्हणजे दर दहा खेळाडूंमागे तीन. २०२२ मध्ये सुमारे २१० खेळाडू गेले. त्याच प्रमाणाने ६३ पदकांचा अंदाज निघतो आणि प्रत्यक्षात ६१ मिळाली. वरवर पाहता भाकीत उत्तम ठरले. परंतु या हिशेबात एक मोठी बाब सुटली होती. गोल्ड कोस्टला सात सुवर्णांसह १६ पदके देणारी नेमबाजी बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात नव्हतीच.

म्हणून दुसरी रीत पाहावी लागते, ती खेळनिहाय हिशेबाची. २०१८ च्या ६६ पदकांतून नेमबाजीची १६ वजा केली तर ५० उरतात. २०२२ साठी हाच पायाभूत अंदाज होता. प्रत्यक्षातील ६१ पर्यंतचा फरक कोठून आला, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. ज्युदो आणि महिला क्रिकेट हे २०१८ मध्ये नसलेले खेळ आल्यामुळे अनुक्रमे तीन आणि एक पदक वाढले. ॲथलेटिक्समध्ये तीनवरून आठ अशी झेप घेतली गेली. हॉकीने दोन आणि लॉन बोल्सने दोन पदके दिली, भारोत्तोलनात एक वाढले. उलट मुष्टियुद्धात दोन आणि टेबल टेनिसमध्ये एक पदक घटले. कुस्तीत दोन्ही वेळा बारा, बॅडमिंटनमध्ये सहा आणि स्क्वॉशमध्ये दोन पदके कायम राहिली. या साऱ्याची बेरीज नेमकी अकरा येते.

पथकाच्या आकाराची रीत ६३ या आकड्यापर्यंत पोहोचली ती दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे. नेमबाजी गेल्याचे तिला कळले नाही आणि ॲथलेटिक्स वाढल्याचेही कळले नाही. खेळनिहाय रीत अकराने चुकली. पण ती कोठे चुकली हे खेळाचे नाव घेऊन सांगता येते आणि पुढच्या वेळी दुरुस्त करता येते. पहिल्या रीतीत ती सोय नाही.

प्रवेशिकांच्या संख्येबाबतही असाच घोटाळा होतो. बर्मिंगहॅमला पुरुष व महिला हॉकी संघांत मिळून ३६ खेळाडू होते आणि त्यांच्याकडून कमाल दोनच पदके शक्य होती. महिला क्रिकेट संघात १५ खेळाडू होत्या आणि शक्य पदक एकच. म्हणजे ५१ खेळाडूंमागे तीन पदके. दुसरीकडे १२ मल्ल गेले आणि बाराही जण पदक घेऊन परतले. भारोत्तोलनात १५ जणांनी १० आणि मुष्टियुद्धात १२ जणांनी सात पदके मिळवली. खेळाडूंची डोकी मोजून हाती काहीच लागत नाही. किती पदकांसाठी किती प्रवेशिका आहेत, हे मोजावे लागते. मुष्टियुद्ध आणि भारोत्तोलनात एका गटात एका देशाचा एकच खेळाडू उतरतो, त्यामुळे तेथे गटांची संख्या हीच पदकांची कमाल मर्यादा ठरते. मुष्टियुद्धात २०१४ मध्ये महिलांचे तीन गट होते, २०१८ मध्ये ते सहा झाले. त्या दोन स्पर्धांत भारताची पदके पाचवरून नऊवर गेली. यात खेळाडूंचे कर्तृत्व आहेच, पण वाढलेल्या संधींचाही वाटा आहे.

आता ग्लासगोचा हिशेब मांडू. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी या स्पर्धेत दहाच खेळ ठेवले आहेत. कुस्ती, बॅडमिंटन, टेबल टेनिस, हॉकी, स्क्वॉश आणि क्रिकेट वगळले गेले असून नेमबाजीही परतलेली नाही. बर्मिंगहॅमच्या ६१ पदकांपैकी पॅरा टेबल टेनिससह ३० पदके या वगळलेल्या खेळांतील होती. उरतात ३१. सुवर्णांची गळती याहून मोठी आहे. २२ पैकी १३ सुवर्णपदके कुस्ती, टेबल टेनिस आणि बॅडमिंटन या तीन खेळांनीच दिली होती. उरलेल्या खेळांचा वाटा नऊ सुवर्णांचा.

केवळ शेवटच्या स्पर्धेवर विसंबणे योग्य नाही, म्हणून तीन स्पर्धांची सरासरी घ्यावी. भारोत्तोलनात १२, ९ आणि १० पदके होती, सरासरी सुमारे दहा. मुष्टियुद्धात ५, ९ आणि ७, सरासरी सात. ॲथलेटिक्समध्ये ३, ३ आणि ८, सरासरी पाचाच्या जवळ. ज्युदो दोनदाच खेळला गेला, त्यात ४ आणि ३. पॅरा पॉवरलिफ्टिंग, लॉन बोल्स आणि जिम्नॅस्टिक्स मिळून साधारण दोन. एकूण अंदाज २८ च्या आसपास येतो. २०१० ची दिल्लीची स्पर्धा या सरासरीत घेतलेली नाही. यजमान असताना भारताने १०१ पदके मिळवली होती, त्याआधी मेलबर्नला ५० आणि नंतर ग्लासगोला ६४. मायदेशी मिळणारा तो लाभ परदेशातील स्पर्धेच्या अंदाजात मिसळला तर आकडा विनाकारण फुगतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँड्र्यू बर्नार्ड आणि मेगन बसी यांनी ऑलिंपिक पदकांसाठी मांडलेल्या प्रसिद्ध सूत्रातही लोकसंख्या, उत्पन्न आणि मागील वाटा यांच्यासोबत यजमानपद हा स्वतंत्र घटक आहे, तो याच कारणाने.

या २८ मध्ये दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. पहिली वाढीची. ग्लासगोत पॅरा खेळांच्या ४७ पदक स्पर्धा आहेत, राष्ट्रकुलच्या इतिहासातील सर्वाधिक. मागील तीन स्पर्धांत भारताला पॅरा ॲथलेटिक्समध्ये पदक नव्हते, त्यामुळे जुने निकाल येथे शून्य सांगतात. परंतु पॅरिस पॅरालिम्पिकमधील भारताच्या २९ पदकांपैकी १७ याच खेळातील होती आणि २०२५ मध्ये नवी दिल्लीतील जागतिक स्पर्धेत भारताने २२ पदके मिळवली. इतिहास जेथे आंधळा असतो तेथे ताजे निकाल वापरावे लागतात. मात्र ही २२ पदके जशीच्या तशी उचलता येत नाहीत. अपंगत्वाच्या प्रत्येक श्रेणीची स्पर्धा राष्ट्रकुलमध्ये नसते. भारतीय खेळाडूची श्रेणी कार्यक्रमपत्रिकेत आहे की नाही, हे एकेक नाव घेऊन पडताळावे लागते. सावधपणे दोन ते चार पदके धरणे रास्त ठरेल.

दुसरी दुरुस्ती भारोत्तोलनातील गटांची. आंतरराष्ट्रीय महासंघाने जून २०२५ पासून वजनी गट बदलले आहेत. सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात रौप्यपदक जिंकले होते, पुरुषांचा तो गट आता अस्तित्वात नाही. सर्वांत हलका गट ६० किलोचा आहे. अशा वेळी जुने पदक नव्या रकान्यात लिहिणे म्हणजे पूनमच्या बाबतीत झालेली चूक पुन्हा करणे होय.

दोन्ही दुरुस्त्या धरून मधला आकडा ३० च्या जवळपास येतो. पण एकच आकडा सांगणे हा अर्धाच अंदाज. १५ भारोत्तोलकांपैकी प्रत्येकाला पदकाची संधी तीनात दोन धरली, तर सरासरी दहा येते, तरी केवळ योगायोगाने ती आठ किंवा बारा होऊ शकते. सर्व खेळांतील अशी अनिश्चितता एकत्र केली की वर-खाली सातेक पदकांचा पट्टा मिळतो. म्हणून प्रामाणिक भाकीत २३ ते ३७ असे द्यावे लागते. सुवर्णांचा अंदाज याहून डळमळीत असतो. संकेतचे सुवर्ण एका किलोने गेले, तर बीडच्या अविनाश साबळेचे तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील सुवर्ण ०.०५ सेकंदाने. पदकसंख्येच्या गणितात या दोघांची नोंद अचूक ठरली. सुवर्णांच्या गणितात ती कोणत्याही बाजूला पडू शकली असती.

निकाल जाहीर झाल्यावरही आकडा स्थिर असतोच असे नाही. २०१४ मध्ये ५३ किलो गटातील नायजेरियाची विजेती उत्तेजक चाचणीत दोषी ठरली. त्यामुळे भारताची संतोषी मत्सा कांस्यावरून रौप्यावर गेली आणि चौथ्या स्थानावरील वाराणसीच्या स्वाती सिंगला कांस्यपदक मिळाले.

या हिशेबाचा खरा उपयोग स्पर्धा संपल्यानंतर आहे. भारताने ३० पदके मिळवली तर ‘६१ वरून निम्म्यावर घसरण’ असा मथळा सहज होईल, प्रत्यक्षात ती कामगिरी बर्मिंगहॅमच्या तोडीची असेल. उलट २४ वर थांबलो तर दोष वगळलेल्या खेळांवर ढकलता येणार नाही. भारोत्तोलन, मुष्टियुद्ध की ॲथलेटिक्स, नेमके कोठे कमी पडलो हे पाहावे लागेल. २०३० ची स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. त्या वेळी यजमानपदाचा लाभ असेल आणि खेळांची यादी पुन्हा बदललेली असेल. तेव्हा होणारी वाढ तयारीची किती आणि यजमानपदाची किती, हे वेगळे करायचे असेल तर ग्लासगोची तुलना ६१ शी नव्हे, ३१ शी करावी लागेल.