विश्लेषण : जाहिरातीतला ऐसपैस हॉल प्रत्यक्षात लहान का निघतो? रिकाम्या फ्लॅटचे फोटो नेमके कसे काढावेत?

घर भाड्याने द्यायचे असो वा विकायचे, आज पहिली भेट होते ती मोबाइलच्या पडद्यावर. जाहिरातीतला हॉल पाहून भाडेकरू अर्ध्या दिवसाची रजा टाकतो, दोन गाड्या बदलून पोहोचतो आणि दारातच विचारतो, ‘फोटोतला हाच हॉल का?’ तिथेच बोलणी संपतात. त्याची रजा जाते, मालकाचा रविवार जातो. यात कुणी खोटे बोललेले असतेच असे नाही. अनेकदा चूक असते ती कॅमेऱ्याच्या एका बटणाची, एका ट्यूबलाइटची आणि पूर्ण मोकळ्या फरशीची.

उदाहरणादाखल डोंबिवलीतील तिसऱ्या मजल्यावरचा एक वन बीएचके समजू. हॉल १४ बाय १० फूट, बेडरूम १० बाय ९, स्वयंपाकघर ८ बाय ६. हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची पूर्वेला. भाडेकरू गेला आहे, पडदेही काढून नेले आहेत. मालक पुण्याहून एका रविवारी मोबाइल घेऊन येतो. त्याने काय करावे?

0.5x चे बटण खोली कशी ‘वाढवते’?

छोट्या खोलीत शिरल्यावर सगळी खोली एका फोटोत मावत नाही. मग बोट आपोआप 0.5x वर जाते. बहुतेक फोनमध्ये हे बटण अल्ट्रावाइड लेन्स सुरू करते. फोन आडवा धरला की ही लेन्स डावीकडून उजवीकडे १०० अंशांहून अधिक पाहते. नेहमीची 1x लेन्स साधारण ६५ ते ७० अंशच पाहते.

गोम इथेच आहे. त्याच जागेवरून 0.5x ने काढलेल्या फोटोत समोरची भिंत 1x च्या तुलनेत निम्मी दिसते. डोळ्याला ती लहान नव्हे, लांब वाटते. म्हणजे १० फुटांवरची भिंत पाहणाऱ्याच्या मनात २० फुटांवर जाऊन बसते. दुसरीकडे फोटोच्या कडेला आलेली प्रत्येक वस्तू आडवी ताणली जाते. गोल पंखा अंडाकृती होतो, अडीच फुटांचे दार चार फुटांचे भासते.

मग 1x वापरावे का? खोलीच्या कोपऱ्यात पाठ लावून उभे राहिले, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींमधला कोन ९० अंशांचा असतो. 1x मध्ये तो मावत नाही आणि खोलीचा तुकडाच दिसतो. 0.5x मध्ये तो मावून वर उरतो आणि त्या उरलेल्या जागेत जवळच्या भिंती ताणून येतात. मधला मार्ग आहे 0.7x. पडद्यावर दोन बोटांनी चिमटा घेत आकडा 0.7 वर आणला, की दृश्याचा कोन ९० अंशांच्या आसपास येतो. कोपऱ्यातून खोली जेवढी दिसायला हवी, जवळपास तेवढीच दिसते. हॉल आणि बेडरूमसाठी हाच आकडा धरावा.

बेडरूमच्या दारातून फोटो काढताना आणखी एक सोय आहे. माणसाने पॅसेजमध्ये उभे राहावे आणि फोन हात पुढे करून दाराच्या चौकटीच्या रेषेत धरावा. शरीराने अडणारी फूट-दीड फूट जागा वाचते आणि लेन्स ताणावी लागत नाही.

फोन किती उंचीवर, किती सरळ?

उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढला, की फोन नकळत खाली झुकतो. फोन झुकला की भिंती तिरक्या होतात. दाराच्या चौकटी वर फाकतात, खाली मिटतात. छोटी खोली अशाने कोंदट दिसते.

यावर उपाय साधा आहे. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत फोन जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर धरावा. मग छत आणि फरशी फोटोत जवळपास सारखी येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून पडद्यावरची ग्रिड सुरू करावी आणि तिची उभी रेष दाराच्या चौकटीशी जुळवावी. रेष जुळली म्हणजे फोन सरळ आहे. स्वयंपाकघरात मात्र फोन थोडा वर, पाच फुटांच्या आसपास न्यावा. तसे केले नाही तर ओट्याची नुसती कड दिसते. ओट्यावर गॅस आणि मिक्सर ठेवायला जागा किती, हे कळतच नाही.

फोटो कोणत्या वेळी काढावा?

पडदे नसलेल्या खिडकीतून थेट ऊन आले, की फरशीवर पांढराशुभ्र पट्टा पडतो आणि बाकीची खोली काळवंडते. म्हणून जी खिडकी उन्हात आहे, ती खोली त्या वेळी टाळावी. आपल्या उदाहरणात पश्चिमेची खिडकी असलेला हॉल सकाळी साडेदहा-अकराला घ्यावा. पूर्वेकडची बेडरूम दुपारी एकनंतर घ्यावी. समोरची इमारत जवळ असेल, तर ११ ते २ हीच वेळ बरी. त्या वेळी सूर्य वर असतो आणि दोन इमारतींच्या फटीतही उजेड उतरतो.

खोलीतला मुख्य फोटो खिडकी बाजूला किंवा मागे ठेवून काढावा. खिडकी समोर आली तर कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाही. बाहेरचे आकाश धरले तर खोली अंधारी होते, खोली धरली तर खिडकी नुसता पांढरा चौकोन होते. तरीही खिडकीबाहेर काय आहे, हे पाहणाऱ्याला हवेच असते. त्यासाठी एक फोटो वेगळा काढावा. खिडकीशेजारच्या भिंतीवर बोट काही क्षण दाबून ठेवले, की फोकस आणि उजेड तिथे स्थिर होतो. मग सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढले की बाहेरचे दृश्यही उमटते.

रिकाम्या घराची आणखी एक अडचण म्हणजे चोहोबाजूंच्या पांढऱ्या भिंती. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम उजेडाचे करू पाहतो. चौकटीत बहुतांश पांढरेच असेल, तर तो पांढऱ्यालाच राखाडी करतो. नवा रंग दिलेली भिंतही मळकी दिसते. अशा वेळी सूर्याचे चिन्ह किंचित वर ओढावे. भिंत पांढरी दिसली, पण तिच्यावरचा स्विचबोर्ड अजून स्पष्ट आहे, इथे थांबावे.

दिवे लावावेत की नाही?

दिवसा लावू नयेत. खिडकीचा उजेड, निळसर ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब हे तिन्ही रंग डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. एक भिंत निळी, एक पिवळी येते आणि पाहणाऱ्याला ती ओल किंवा डाग वाटते. रिकाम्या घराचे मीटर बंद असेल, तरी म्हणूनच काही अडत नाही.

अपवाद बाथरूमचा. डक्टकडे उघडणाऱ्या काचपट्ट्यांतून पुरेसा उजेड येत नाही. तिथे एकच दिवा लावावा, फोन दाराच्या चौकटीला टेकवून स्थिर धरावा, कमोडचे झाकण बंद करावे आणि आरशात आपण दिसत नाही ना, हे पाहावे.

रिकामी खोली लहान का वाटते?

सामान काढले की खोली मोठी दिसेल, असा समज असतो. फोटोत उलटे होते. मोकळ्या खोलीत माप घ्यायला काहीच नसते. ती खोली ८ फुटांची की १२, हे डोळ्याला ठरवता येत नाही. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो, ‘डबल बेड आणि कपाट बसेल का?’ त्याचे उत्तर फोटोनेच द्यावे.

त्यासाठी फर्निचर भाड्याने आणायची गरज नाही. साडेसहा बाय पाच फुटांची एक गादी जमिनीवर टाकून तिच्यावर साधी चादर अंथरावी. गादी नसेल तर कागदी मास्किंग टेपने फरशीवर तेवढा चौकोन आखावा. १० बाय ९ च्या बेडरूममध्ये बेड भिंतीला लावला, की पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. बाजूला चार फूट उरतात. त्यातले दोन फूट कपाटाचे. चालायला दोन फूट राहतात. जागा ऐसपैस नाही, पण चालते. हे फोटोत दिसले की ज्याला चालेल तोच येतो.

हॉलमध्ये एक खुर्ची आणि खिडकीला फिक्या रंगाचा एक पडदा पुरे. याहून जास्त सजावट छोट्या खोलीला जड होते. गादी किंवा खुर्ची फोटोच्या कडेला मात्र ठेवू नये. तिथे ती ताणली जाते आणि माप देण्याचा उद्देशच फसतो.

फोटो खरा आहे, हे कसे ओळखावे?

त्याचे उत्तर पायाखालीच आहे. अलीकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. १० बाय ९ च्या बेडरूममध्ये एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला साडेचार टाइल्स भरतील. जाहिरात पाहणाऱ्याला त्या मोजून खोलीचे माप काढता येते. कडेच्या टाइल्स मधल्यांपेक्षा खूप लांबट दिसत असतील, तर फोटो 0.5x चा आहे असे समजावे. फोटो काढणाऱ्यानेही हीच तपासणी जागेवरच करावी आणि फरशी चौकटीतून कापू नये.

त्याबरोबर प्रत्येक खोलीचे टेपने घेतलेले माप लिहावे. रेरा कायद्यातील व्याख्येनुसार कार्पेट एरियात बाल्कनी धरली जात नाही. ती असल्यास तिचे माप वेगळे द्यावे. छताला ओल असेल तर ती आधी दुरुस्त करावी. दुरुस्ती बाकी असेल तर कोन बदलून लपवण्यापेक्षा तसे लिहिलेले बरे, कारण ती पहिल्याच भेटीत दिसणार आहे. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. दारावरचा फ्लॅट क्रमांक, नावाची पाटी आणि कुलूप फोटोत येऊ देऊ नये. घर रिकामे आहे, हे जाहिरात सांगतेच. नेमके कोणते, हे सगळ्यांना कळायला नको.

0.5x ने भेटी वाढतात, यात शंका नाही. पण १० फुटांची खोली दारात उभे राहिल्यावर १० फुटांचीच असते. दहा माणसे येऊन परत जाण्यापेक्षा टाइल्स मोजून तीनच आली, तर मालकाचा रविवार आणि त्या सात जणांची रजा दोन्ही वाचतात.