परदेशी झालेल्या लेकीचा वाटा

हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे मुळशी तालुक्यात जमिनीचे भाव चढले, तसा एक समजही बळावला: परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या बहिणीचा सातबाऱ्यावरचा हक्क संपतो. "ताई, तू आता अमेरिकेची. शेतजमीन तुला चालत नाही," असं सांगून हक्कसोडपत्र पुढे सरकवलं जातं. हे साफ चूक आहे, आणि बहिणी ते खरं मानून सह्या करतात याचा मला संताप येतो.

भावांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्ड मिळालं तरी मतदान करता येत नाही. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही.

पण ही अट खरेदीची आहे. भारतात राहणाऱ्या बापाकडून वारसाने आलेली शेतजमीन ठेवायला परकीय चलनाचा फेमा कायदा मुभा देतो, आणि हिंदू वारसा कायदा नातं बघतो, पासपोर्ट बघत नाही. समजा, पौडजवळ वडिलांची स्वकष्टाची चार एकर आहे. ते मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे आणि न्यू जर्सीत नागरिक झालेली मुलगी. चौघांना एकेक एकर. मुलीचे 40 गुंठे तिचेच राहतात. विकायचे झाले तर मात्र भारतात राहणारा भारतीय नागरिकच घेणारा हवा, आणि कूळकायद्यामुळे तो सहसा शेतकरीच असावा लागतो.

खरा घात वेगळ्याच जागी होतो. मायेपोटी वडील हयातीतच लेकीला तो एकर बक्षीसपत्राने देतात. ओसीआय व्यक्तीला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही. तोच एकर मृत्युपत्राने ठेवला असता तर चाललं असतं.

दुसरा घात वारस नोंदीत. गावात असलेला भाऊ तलाठ्याकडे वारसांची यादी देतो आणि तीत बहीण नसते. हरकतीच्या नोटिशीची मुदत 15 दिवसांची; न्यू जर्सीत तिला पत्ताही लागत नाही. म्हणून वडील गेल्यानंतर तिने स्वतः ऑनलाइन सातबारा आणि फेरफार बघत राहावं. नाव गाळून नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताकडे 60 दिवसांत अपील करता येतं. ती मुदत हुकली तरी हक्क बुडत नाही, कारण फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केलेली असेल, तर मात्र आधी ते रद्द करून घेण्यासाठी झगडावं लागतं.