टीव्ही ४के, नेट फास्ट, तरी यूट्यूब १०८०पीवरच का अडकतं?

जुना ४के टीव्ही वापरणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. नेटफ्लिक्सवर सिरीज ४केमध्ये मस्त चालते, पण त्याच टीव्हीवर, त्याच वायफायवर यूट्यूब उघडलं की क्वालिटीच्या यादीत १०८०पीच्या वर पर्यायच नसतो. तोच व्हिडिओ फोनवर उघडला तर २१६०पी दिसतं. मग लोक राउटर बदलतात, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, टीव्ही रीसेट करतात. काहीच फरक पडत नाही, कारण घोळ नेटचा नसतो आणि स्क्रीनचाही नसतो. तो असतो टीव्हीच्या आतल्या चिपला कोणती 'भाषा' कळते याचा. त्या भाषेला म्हणतात कोडेक.

कोडेक नक्की करतो काय?

४के म्हणजे ३८४० × २१६०, म्हणजे एका चित्रात साधारण ८३ लाख पिक्सेल. सेकंदाला अशी ३० चित्रं जशीच्या तशी पाठवायची म्हटली तर सुमारे ३ जीबीपीएस स्पीड लागेल. यूट्यूब मात्र ४केसाठी २० एमबीपीएसचं कनेक्शन पुरेसं मानतं. म्हणजे व्हिडिओ तुमच्यापर्यंत येताना जवळपास दीडशे पट दाबलेला असतो. दाबायची आणि परत उलगडायची जी ठरलेली पद्धत, ती म्हणजे कोडेक.

सध्या चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे. एच.२६४ हा २००३ सालचा; तो जवळजवळ प्रत्येक टीव्ही आणि फोनला कळतो. २०१३ मध्ये त्याचा वारस आला, एचईव्हीसी किंवा एच.२६५. त्याच वर्षी गूगलने स्वतःचा व्हीपी९ आणला. आणि २०१८ मध्ये आला एव्ही१. तो अलायन्स फॉर ओपन मीडिया या गटाने बनवला. या गटाच्या संस्थापकांमध्ये गूगल, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला आहेत. नवा कोडेक तेवढीच क्वालिटी कमी डेटात देतो, पण तो उलगडायला चिपला जास्त मेहनत करावी लागते.

टीव्हीला अपडेट देऊन हे सुटत का नाही?

व्हिडिओ उलगडायचे दोन मार्ग आहेत. पहिला, चिपमध्ये त्या कामासाठीच घडवलेला भाग असतो. त्याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. तो एकच काम करतो, पण झटपट आणि कमी विजेत करतो. दुसरा, साधा प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या मदतीने तेच काम करतो.

फोनचा प्रोसेसर दणकट असतो, त्यामुळे दुसरा मार्ग तिथे बऱ्यापैकी चालतो. २०२४ मध्ये गूगलने अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनांना 'डेव्हिड' नावाचा एव्ही१चा सॉफ्टवेअर डिकोडर अपडेटमधून दिला तो याच भरवशावर. टीव्हीचा प्रोसेसर मात्र बहुतेक वेळा मेनू आणि अ‍ॅप चालवण्यापुरताच असतो. त्याला ४के व्हिडिओ सॉफ्टवेअरने उलगडायला लावला तर चित्र अडखळेल, आवाज पुढे जाईल. म्हणून टीव्हीत सगळा भार हार्डवेअर डिकोडरवर असतो. आणि तो भाग कारखान्यात चिपबरोबरच कायमचा तयार होतो. अपडेटने मेनू बदलतो, सिलिकॉन बदलत नाही.

एकच टीव्ही, दोन अ‍ॅप, दोन निकाल

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. समजा टीव्ही २०१४ चा आहे. त्या वर्षी नेटफ्लिक्सने ४के सुरू केलं आणि त्यासाठी एचईव्हीसी निवडला. त्यामुळे टीव्ही कंपन्यांनी आपल्या ४के मॉडेलमध्ये एचईव्हीसीचा डिकोडर टाकला. व्हीपी९ मात्र त्या वेळच्या अनेक चिपमध्ये नव्हता.

यूट्यूबने दुसरा रस्ता धरला. एचईव्हीसी वापरायचा तर पेटंटची रॉयल्टी द्यावी लागते, आणि ही पेटंटं एका जागी नाहीत; ती वेगवेगळ्या गटांकडे विखुरलेली आहेत. गूगलकडे स्वतःचा रॉयल्टी-मुक्त व्हीपी९ होता, मग यूट्यूबने ४के त्यातच द्यायचं ठरवलं. एच.२६४मध्ये यूट्यूब १०८०पीपर्यंतचीच आवृत्ती देतं. त्याच्या वरचं सगळं व्हीपी९मध्ये किंवा आता एव्ही१मध्ये.

तुम्ही व्हिडिओ लावता तेव्हा अ‍ॅप आधी टीव्हीला विचारतं, "तुला काय काय उलगडता येतं?" यूट्यूबचं टीव्ही अ‍ॅप मुळात वेब अ‍ॅपच आहे. अशा अ‍ॅपमध्ये हा प्रश्न साधारण असा दिसतो:

```
MediaSource.isTypeSupported('video/webm; codecs="vp09.00.51.08"')
```

उत्तर `true` आलं तर व्हीपी९चे ४के पर्याय यादीत दिसतात. `false` आलं तर यूट्यूबकडे त्या टीव्हीसाठी एच.२६४ उरतो, आणि तो १०८०पीवर संपतो. म्हणजे अ‍ॅप मुद्दाम क्वालिटी कापत नाही. त्या टीव्हीला समजेल अशी ४के फाइल यूट्यूबच्या सर्व्हरवर अस्तित्वातच नाही. प्रत्येक व्हिडिओ प्रत्येक कोडेकमध्ये, प्रत्येक रिझोल्यूशनला करून ठेवायचा तर प्रचंड जागा आणि प्रोसेसिंग लागतं. ते फक्त जुन्या टीव्हींसाठी करायची कंपनीची तयारी नाही.

हे फक्त स्वस्त किंवा कमनशिबी टीव्हींचंच झालं असंही नाही. अ‍ॅपलने २०१७ मध्ये 'अ‍ॅपल टीव्ही ४के' हा बॉक्स विकायला काढला. नावातच ४के! पण त्यावर व्हीपी९ नव्हता, म्हणून यूट्यूब १०८०पीवर थांबायचं. तीन वर्षांनी, २०२० मध्ये, टीव्हीओएस १४बरोबर ही अडचण दूर झाली. अ‍ॅपलच्या बॉक्समध्ये ताकदवान चिप होती आणि कंपनी अपडेट देत होती म्हणून हे जमलं. टीव्हीच्या बाबतीत असं भाग्य क्वचितच मिळतं.

'सपोर्ट आहे' म्हणजे किती आहे?

टीव्हीच्या माहितीपत्रकात कोडेकचं नाव दिसलं म्हणजे काम झालं, असंही नाही. डिकोडरला मर्यादा असतात. एखादी चिप व्हीपी९ ४केमध्ये उलगडते, पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच. क्रिकेट किंवा गेमिंगचा ६० फ्रेमचा व्हिडिओ आला की तिचा दम संपतो. एचडीआरचंही तसंच आहे. त्यासाठी १०-बिट रंग लागतात, आणि फक्त ८-बिट कळणाऱ्या डिकोडरला तो व्हिडिओ देता येत नाही. अशा वेळी अ‍ॅप खालचं रिझोल्यूशन किंवा साधी, एचडीआर नसलेली आवृत्ती देतं. अडखळणाऱ्या ४केपेक्षा सुरळीत १०८०पी बरं, हा त्यामागचा हिशोब.

आपल्या टीव्हीवर काय चाललंय ते कसं कळेल?

टीव्हीवर यूट्यूबमध्ये ४के असल्याची खात्री असलेला व्हिडिओ लावा. प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन `Stats for nerds` चालू करा. कोपऱ्यात एक तक्ता येईल. त्यात `Codecs`ची ओळ बघा. तिथे `avc1` ने सुरू होणारं काही दिसलं तर एच.२६४ चालू आहे. `vp09` किंवा `vp9` म्हणजे व्हीपी९, आणि `av01` म्हणजे एव्ही१.

आता क्वालिटी हाताने वाढवून पाहा. यादी १०८०पीवरच संपत असेल आणि ओळीत `avc1` असेल, तर कारण कोडेकच. यादीत २१६०पी आहे पण तक्त्यात `dropped frames`चा आकडा भराभर वाढतोय, तर कोडेक कळतो पण चिप थकते. आणि २१६०पी निवडता येतं, फ्रेमही गळत नाहीत, फक्त मध्ये मध्ये बफर होतं, तर नेटला दोष द्यायला हरकत नाही.

उलटं चित्रही असू शकतं. यूट्यूब ४केमध्ये चालतं, पण पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप खालच्या क्वालिटीवर राहतं. तिथे कोडेकच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे प्लॅन. नेटफ्लिक्स ४के फक्त प्रीमियम प्लॅनवर देतं. दुसरी म्हणजे कॉपी-संरक्षण. अँड्रॉइडवर वाइडवाइनची एल१ पातळी नसेल तर अशी अ‍ॅप्स एचडीसुद्धा देत नाहीत, मग चिपला सगळे कोडेक येत असले तरी. यूट्यूबच्या साध्या व्हिडिओंना ही अट नसते, म्हणून दोन अ‍ॅपची तुलना करून कारण वेगळं काढता येतं.

मग टीव्ही बदलायचा का?

घाई नको. पॅनेल चांगलं असेल तर टीव्हीला फक्त स्क्रीन म्हणून वापरा आणि उलगडायचं काम बाहेरच्या स्टिकला किंवा बॉक्सला द्या. एचडीएमआयमधून टीव्हीकडे आधीच उलगडलेलं चित्र जातं, त्यामुळे टीव्हीच्या चिपला कोडेक कळण्याची गरजच उरत नाही. एक अट मात्र आहे. टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट एचडीसीपी २.२वाला हवा, नाहीतर पेड अ‍ॅप्सचं ४के तिथेही अडतं. आणि पोर्ट एचडीएमआय १.४ असेल तर ४के सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच मिळेल.

स्टिक घेताना डब्यावरचं '४के' बघून फसू नका. गूगलचंच उदाहरण घ्या. २०२०च्या 'क्रोमकास्ट विथ गूगल टीव्ही' ४के मॉडेलमध्ये एव्ही१चा हार्डवेअर डिकोडर नव्हता. दोन वर्षांनी आलेल्या स्वस्त एचडी मॉडेलमध्ये तो होता. म्हणजे ४के हा शब्द स्क्रीनवर किती पिक्सेल जातील ते सांगतो, कोडेकबद्दल काहीच नाही. माहितीपत्रकात 'एव्ही१' आणि '४के ६०' हे दोन्ही शोधा.

हे आत्ता महत्त्वाचं आहे, कारण वारं एव्ही१च्या दिशेने वाहतंय. नेटफ्लिक्स २०२१ पासून टीव्हीवर एव्ही१ पाठवतंय आणि यूट्यूबही त्याचा वापर वाढवतंय. आज व्हीपी९वाल्या टीव्हीचं काही बिघडलेलं नाही. तोपर्यंत तरी नाही, जोवर यूट्यूब व्हीपी९च्या आवृत्त्या बनवतंय. पण एच.२६४वाल्या टीव्हींचं जे झालं, ते त्यांचंही कधीतरी होऊ शकतं. त्यातच याच अलायन्सने २०२५ मध्ये एव्ही२ येत असल्याचं जाहीर केलं. आज दुकानात असलेल्या टीव्हीच्या चिप त्याच्या आधीच घडवलेल्या आहेत. फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो, टीव्ही आठ-दहा वर्षं भिंतीवर राहतो. म्हणून नवा किंवा सेकंडहँड टीव्ही घेताना पॅनेल टिकेल का हे बघा, आणि चिप मागे पडली तर स्टिक लावायला एक चांगला एचडीएमआय पोर्ट आहे का, हेही.