थंडीचा आठवडा आणि शतकाचा हिशेब

३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दिवसाचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश सेल्सिअस नोंदले गेले. १९०१पासूनच्या नोंदींत डिसेंबरमधला इतका थंड दिवस दिल्लीने पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा दूरध्वनी आला. आम्ही दोघांनी एकाच राज्यात जिल्हे सांभाळले, एकाच सचिवालयात फायली हलवल्या. तो हसत म्हणाला, ‘‘तुम्ही मंडळी ज्या तापमानवाढीवर व्याख्याने झोडता, ती सध्या कुठे दडी मारून बसली आहे?’’ विनोद म्हणून मी तो सोडून दिला. पण पुढच्या काही दिवसांत हाच प्रश्न संसदेच्या परिसरात, वृत्तवाहिन्यांवर आणि एका सरकारी बैठकीतही ऐकू आला, तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायला हवे असे वाटले.

उत्तराचा पहिला भाग त्याच वर्षाच्या हिशेबात आहे. भारतीय हवामान विभागाने २०१९चा वार्षिक आढावा प्रसिद्ध केला तेव्हा दिसले की, देशाचे त्या वर्षीचे सरासरी तापमान १९८१ ते २०१० या काळाच्या सरासरीपेक्षा ०.३६ अंशांनी अधिक होते. १९०१पासूनच्या उष्ण वर्षांच्या क्रमवारीत २०१९ सातवे ठरले. ज्या वर्षाच्या अखेरीस राजधानी गारठली, तेच वर्ष शतकाहून अधिक काळातील सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक होते. वरवर हा विरोधाभास वाटतो. तो नाही, हे समजण्यासाठी दोन शब्द वेगळे करावे लागतात. शाळेच्या भूगोलात आपण ते शिकलो आणि पुढे विसरलो.

विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा. त्याच ठिकाणच्या हवेची दीर्घ काळाची सरासरी आणि तिच्यातील चढउतारांचा नेहमीचा पल्ला म्हणजे हवामान. दीर्घ काळ म्हणजे प्रचलित संकेतानुसार निदान तीस वर्षे. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना ‘हवामान’च म्हणतो आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. ३० डिसेंबरची दिल्ली ही हवेची बातमी होती. माझ्या सहकाऱ्याने ती हवामानाच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल केली.

ती थंडी आली कशी, हे पाहिले की गोष्ट अधिक स्पष्ट होते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतात ओलावा आणतात. ते पुढे सरकले की हिमालयाकडून वायव्येचे थंड वारे मैदानात उतरतात. हवा स्थिर राहिली तर गंगेच्या खोऱ्यावर धुके आणि जमिनीलगतच्या ढगांचा थर दिवसचे दिवस ठाण मांडतो आणि ऊन खाली पोहोचत नाही. २०१९च्या डिसेंबरात हेच घडले. म्हणूनच त्या थंडीचे वैशिष्ट्य रात्रींपेक्षा दिवसांत होते: दुपारचे तापमान वर चढतच नव्हते. पृथ्वीवरची उष्णता कमी झाली होती असा याचा अर्थ होत नाही. उत्तर भारताच्या डोक्यावर छप्पर पडले होते, इतकेच. त्या छपराबाहेर काय चालले होते तेही पाहावे. त्याच महिन्यात, १८ डिसेंबरला, संपूर्ण ऑस्ट्रेलिया खंडाचे सरासरी कमाल तापमान ४१.९ अंशांवर गेले आणि त्या देशाच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत उष्ण दिवस नोंदला गेला. एका शहराच्या तापमापकाला यातले काहीच दिसत नाही.

आता साधे गणित करून पाहू. समजा, थंडीची लाट दोन आठवडे टिकली आणि त्या काळात दिवसरात्रीचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा तब्बल पाच अंशांनी कमी राहिले. चौदा दिवसांचे पाच अंश म्हणजे सत्तर. ते ३६५ दिवसांवर पसरले की त्या प्रदेशाची वार्षिक सरासरी सुमारे ०.१९ अंशांनी खाली येते. ही लाट देशाच्या पाव भूभागावर होती असे धरले, तर देशाच्या वार्षिक सरासरीवर तिचा परिणाम सुमारे ०.०५ अंश इतकाच उरतो. हाडे गोठवणारा पंधरवडा वर्षाच्या खातेवहीत एवढीच जागा घेतो. आणि २०१९चे ते ०.३६ अंश डिसेंबरची थंडी वगळून काढलेले नव्हते. ती हिशेबात धरूनही शिल्लक तेवढी निघाली होती.

इथे चिकित्सक वाचक विचारेल की, दिल्लीचे तापमान एका दिवसात दहा अंशांनी घसरू शकते, तर शतकभरातील अल्पशी वाढ खरी कशावरून? प्रश्न रास्त आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०मधील मूल्यमापनानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. दहा अंशांच्या हेलकाव्यांत ०.७ अंश शोधणे अशक्य वाटते. पण हेलकाव्यांचा एक गुण असतो. ते दोन्ही बाजूंना जातात. एका ठिकाणच्या थंड दिवसाची भरपाई दुसऱ्या ठिकाणचा किंवा पुढच्या महिन्यातला उबदार दिवस करतो. देशभरातील केंद्रांच्या वर्षभरातील नोंदींची सरासरी काढली की हे चढउतार मोठ्या प्रमाणात परस्परांना खाऊन टाकतात आणि वार्षिक आकडा अंशाच्या काही दशांशांतच हलतो. एकाच दिशेने होणारा बदल मात्र असा पुसला जात नाही, तो साचत राहतो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. एका जमीनदाराच्या एका वर्षाच्या वसुलीवरून कोणी शतकाची अर्थव्यवस्था मांडत नाही. त्यासाठी दप्तरांचे गठ्ठे उपसावे लागतात.

या सरासरीलाही एक सापळा आहे आणि त्यात जाणतेही अडकतात. विभागाच्या निवेदनांत २०२३ हे वर्ष सरासरीपेक्षा ०.६५ अंशांनी उष्ण होते आणि २०२४ही ०.६५ अंशांनीच. हे वाचून दोन्ही वर्षे सारखीच होती असा समज होईल. प्रत्यक्षात २०२३ची तुलना १९८१ ते २०१०च्या सरासरीशी केली होती, तर २०२४ची १९९१ ते २०२०च्या सरासरीशी. मधल्या काळात मोजपट्टीचा शून्यच वर सरकला होता. म्हणूनच त्याच आकड्याचे २०२४ हे वर्ष १९०१पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. थंडीच्या लाटेबाबतही हे लक्षात ठेवावे लागते. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश वा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरले की लाट जाहीर होते. संदर्भाची सरासरीच वर गेली, तर पूर्वी जी थंडी नेहमीची मानली जाई तीच आता असाधारण म्हणून नोंदली जाऊ शकते. म्हणून असा कोणताही आकडा समोर आला की आधी विचारावे: कोणत्या ठिकाणचा, किती काळाचा आणि कशाच्या तुलनेत?

हे तीन प्रश्न दुसऱ्या बाजूलाही विचारले पाहिजेत, नाहीतर आपली शिस्त सोयीपुरती ठरेल. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि हवामान बदलाचा हाच अंतिम पुरावा असल्यासारखी चर्चा झाली. नंतरच्या तपासणीत त्या केंद्राच्या संवेदकात तीन अंशांची चूक आढळली. आणि नोंद अचूक असती तरी एका केंद्रावरच्या एका दुपारीने शतकाचा निवाडा झाला नसता. मग शास्त्रज्ञ एखाद्या उष्ण लाटेचा संबंध हवामान बदलाशी कसा जोडतात? ते त्या लाटेचे निव्वळ तापमान पाहत नाहीत, तिच्या संभाव्यतेतला फरक मोजतात. २०२२च्या मार्च-एप्रिलमधील भारत-पाकिस्तानातील उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तशा घटनेची शक्यता सुमारे तीस पट वाढल्याचा निष्कर्ष काढला. ‘वाढ नसती तर हे घडलेच नसते’ आणि ‘वाढीमुळे हे अधिक वेळा घडेल’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान थंडीलाही लागू होते. उबदार होत जाणाऱ्या जगात थंडीच्या लाटा नाहीशा होत नाहीत, कालांतराने विरळ होतात.

हा भेद केवळ वादात जिंकण्यासाठी नसतो, याची प्रचिती २०२३च्या रब्बी हंगामाने दिली. १६ जानेवारीला सफदरजंगचा पारा १.४ अंशांवर उतरला. त्यानंतर आलेला फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. गव्हाच्या दाण्यात चीक भरण्याचे हेच दिवस. या काळात ऊन तापले की पीक लवकर पिकते आणि दाणा बारीक राहतो. आदल्या वर्षी मार्चच्या अशाच उष्म्यानंतर १३ मे २०२२ रोजी केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली होती. जानेवारीच्या गारठ्यावरून ज्याने निश्चिंत राहायचे ठरवले असते, त्याचे गणित सहा आठवड्यांत चुकले असते. उष्णता सोसणारे गव्हाचे वाण तयार करायला कित्येक वर्षे लागतात. ते काम कोणत्याही एका हंगामाची हवा पाहून सुरू किंवा बंद करता येत नाही.

प्रशासनात मात्र फाइल हवेमागे धावते. मी जिल्हाधिकारी होतो त्या गंगाकाठच्या जिल्ह्यात थंडीत चौकाचौकांत शेकोट्यांसाठी लाकूड आणि गरिबांसाठी कांबळी पुरवणे हे माझे काम होते. ते आवश्यकच होते. उघड्यावर झोपणारा माणूस वार्षिक सरासरीत जगत नाही, त्या रात्रीत जगतो. थंडीच्या लाटेला २०१२मध्ये राष्ट्रीय आपत्ती मदतीच्या यादीत जागा मिळाली, हेही योग्यच झाले. उष्णतेच्या लाटेला मात्र २०२१ ते २०२६ या कालखंडासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगानेही त्या यादीत घेतले नाही. राज्यांनी हवे तर तिला स्थानिक आपत्ती ठरवून आपल्या आपत्ती निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत खर्च करावा, अशी तरतूद होती. शेकोटी आजच्या हवेसाठी असते. मदतीची यादी, वाणांचे संशोधन, घरबांधणीचे नियम येत्या तीस वर्षांच्या हवामानासाठी असतात. पहिल्याच्या अनुभवावर दुसऱ्याचा निर्णय घेतला, की पैसा चुकीच्या जागी जातो आणि ते कळायला एक पिढी लागते.

माझ्या सहकाऱ्याला मी पुढे हेच सांगितले: शेकोटीची फाइल लगेच मंजूर करा, पण तिच्यावर हवामान बदलाविषयी शेरा लिहू नका. त्यासाठी वेगळी फाइल आहे आणि तिच्यात १९०१पासूनची पाने आहेत.