जर्मनीत नोकरी हवी? ॲपमधली 'स्ट्रीक' बोलायला शिकवत नाही!

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. मग धुळ्यात ड्युटी करणाऱ्या परिचारिकेला मोबाइलवर जर्मन बोलायला शिकता येईल का? येईल, पण एकाच ॲपवर भागणार नाही.

आधी वेळेचा हिशेब. बी-वन पातळीसाठी ४५ मिनिटांचे किमान ३५० तास लागतात, असा गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. म्हणजे घड्याळाचे सुमारे २६० तास. रोज २० मिनिटे दिली तर दोन वर्षांहून जास्त, दीड तास दिला तर साधारण सहा महिने.

शिवाय ड्यूओलिंगोवरचा बराचसा सराव पर्याय निवडण्याचा आणि शब्द जुळवण्याचा. बी-वनच्या तोंडी परीक्षेत समोर दुसरा उमेदवार असतो. त्याच्यासोबत एखादा बेत ठरवायचा, एका विषयावर बोलायचे, प्रश्नांना उत्तरे द्यायची. तिथे पर्याय दिसत नाहीत. त्यामुळे ड्यूओलिंगो शब्दांपुरते ठीक.

मुख्य अभ्यासासाठी डॉइचे वेलेचे मोफत `DW Learn German` सरस ठरते. त्यातली 'Nicos Weg' ही व्हिडिओ मालिका ए-वन ते बी-वन नेते. फक्त ती सिरियलसारखी बघू नये. निकोला कुणी प्रश्न विचारला की व्हिडिओ थांबवायचा, स्वतः मोठ्याने उत्तर द्यायचे आणि मग त्याचे ऐकायचे. परिचारिकांनी जोडीला `Ein Tag Deutsch in der Pflege` हे मोफत ॲप घ्यावे. त्यात रुग्ण आणि सहकाऱ्यांशी होणारे वॉर्डातले संवाद आहेत.

इंग्रजीतून शिकवणाऱ्या ॲपमध्ये मराठी माणसाचा एक फायदा झाकला जातो. 'वाइल इश हॉयटे नाख्टडीन्स्ट हाबे' म्हणजे 'कारण मला आज रात्रपाळी आहे'. 'कारण' आले की जर्मन क्रियापद शेवटी जाते, अगदी मराठीसारखे. इंग्रजीतून विचार करणारा इथे अडखळतो. लिंगेही तीनच, पण ती मराठीशी जुळतीलच असे नाही. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, सुरी मात्र जर्मनमध्ये नपुंसकलिंगी. म्हणून शब्द 'डेर, डी, डास'सकटच पाठ करावा.

प्रगती तपासायला दर रविवारी 'काल ड्युटीवर काय झाले' यावर न वाचता एक मिनिट बोलून रेकॉर्ड करावे. महिन्यानंतरही प्रत्येक वाक्य क्रियापदापाशीच अडत असेल, तर नवे धडे थांबवून जुन्याच संवादांचा सराव करावा.

खऱ्या माणसाशी बोलायला टँडमसारखे ॲप आहे. तिथे गप्पा लवकरच इंग्रजीवर घसरतात. त्यामुळे १५ मिनिटे जर्मन, १५ मिनिटे इंग्रजी असे आधीच ठरवून घ्यावे. धुळ्यात रात्री नऊ वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. दिवसपाळी संपवून आलेल्या परिचारिकेला ही वेळ सोयीची.